एकच हस्ताकार, दोन कामं: खुणांच्या भाषेतला स्वनिम आणि क्लासिफायर

प्रश्न: मी भाषाशास्त्रात एम.ए. करते आहे. खुणांच्या भाषेत हस्ताकार, स्थान आणि हालचाल हे ‘स्वनिमासारखे’ घटक एकाच वेळी येतात असं वाचलं. पण एकाच वेळी येत असतील तर ते वेगळे घटक आहेत हे कशावरून? आणि क्लासिफायरमध्ये तोच हस्ताकार ‘वाहन’ असा अर्थ देतो म्हणतात. मग तो स्वनिम की रूपिम? व्हिडिओ बघून हे ओळखायचं कसं?

उत्तर:

मी अमेरिकन खूणभाषेतली उदाहरणं घेते, कारण या दोन्ही मुद्द्यांवर सगळ्यात जास्त काम त्याच भाषेवर झालं आहे. भारतीय सांकेतिक भाषेबद्दल शेवटी लिहिते.

‘पान’ आणि ‘कान’ यांत फक्त प आणि क यांचा फरक आहे. प ला स्वतःचा अर्थ नाही, पण तो बदलला की शब्द बदलतो. असा घटक म्हणजे स्वनिम, आणि स्वतःचा अर्थ असलेला सगळ्यात लहान घटक म्हणजे रूपिम. विल्यम स्टोकी हे अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या गॅलोडेट कॉलेजात इंग्रजी शिकवायला 1955 साली आले आणि त्यांनी हीच कसोटी हातांना लावली. 1960 साली त्यांनी मांडणी छापली. 1965 च्या कोशात, डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग यांच्यासोबत, त्यांनी एकूण 55 चिन्हं वापरली: स्थानांची 12, हस्ताकारांची 19 आणि हालचालींची 24. नंतरच्या अभ्यासकांनी या संख्या बदलल्या आणि रॉबिन बॅटिसन यांनी तळव्याची दिशा हा चौथा घटक जोडून धरला. पण कसोटी तीच राहिली.

‘सफरचंद’ ही खूण घ्या. तर्जनी आकड्यासारखी वाकवायची, तिचं पेर गालावर टेकवायचं आणि मनगट पिळल्यासारखं फिरवायचं. आता हस्ताकार आणि पीळ तसाच ठेवून हात गालावरून डोळ्याच्या बाजूला न्या. खूण झाली ‘कांदा’. परत गालावर या, पीळ तसाच ठेवा, पण वाकवलेली तर्जनी सरळ करून तिचं टोक टेकवा. खूण झाली ‘गोळी’, म्हणजे लहान मुलं खातात ती. पहिल्या बदलात फक्त स्थान हललं, दुसऱ्यात फक्त हस्ताकार. स्थानाची तिहेरी जोडीही आहे: वाकणारी तर्जनी कपाळावरून आडवी ओढली की ‘उन्हाळा’, नाकासमोरून ‘कुरूप’, हनुवटीवरून ‘कोरडं’. हालचालीसाठी ‘बसणं’ आणि ‘खुर्ची’ बघा. दोन्हीत एका हाताची दोन बोटं दुसऱ्या हाताच्या दोन बोटांवर टेकतात. क्रियापदात एकदा टेकतात, नामात छोट्या, आखडत्या हालचालीत दोनदा. असा नाम-क्रियापदाचा पद्धतशीर भेद टेड सुपाला आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 1978 साली दाखवला.

तरीही तुमचा खरा प्रश्न उरतोच. जोड्या मिळाल्या म्हणजे विश्लेषण करणाऱ्याला घटक सापडले. खुणा करणाऱ्याच्या डोक्यात ते सुटे असतात हे कशावरून? त्याचा पुरावा हाताच्या चुकांमधून आला. बोलताना आपली जीभ घसरते आणि दोन शब्दांचे आरंभीचे वर्ण अदलाबदल होतात, तसेच हातही घसरतात. एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी अशा चुका गोळा केल्या. त्यांतली एक ‘आजारी’ आणि ‘कंटाळलेला’ या पाठोपाठ येणाऱ्या खुणांमधली आहे. ‘आजारी’मध्ये पुढे झुकलेलं मधलं बोट कपाळाला टेकतं. ‘कंटाळलेला’मध्ये तर्जनी नाकाच्या बाजूला टेकून मनगट फिरतं. घसरलेल्या हातानं ‘आजारी’ तर्जनीनं केली आणि ‘कंटाळलेला’ मधल्या बोटानं. कपाळ कपाळाच्या जागी राहिलं, नाक नाकाच्या, पीळही आपल्या जागी. फक्त हस्ताकार निसटून दुसऱ्या खुणेत गेला. खूण हे अखंड चित्र असतं तर असं एकच अंग निसटलं नसतं.

आता ‘एकाच वेळी’ या शब्दाकडे वळू, कारण विद्यार्थी तिथे अडकतात. एकाच वेळी येणं म्हणजे सुटं नसणं, असं आपल्याला वाटतं. पण बोलीतल्या एका वर्णाच्या आत काय चालतं ते आपल्याकडच्या उच्चारशास्त्राच्या शिक्षाग्रंथांनी केव्हाच लिहून ठेवलं आहे. ब उच्चारताना ओठ हे स्थान, ते मिटणं हा प्रयत्न आणि घोष, हे सगळं एकाच क्षणी घडतं, आणि तरी ब वरून प, भ किंवा म वर जाताना आपण एकेक गोष्टच बदलतो. खुणांच्या भाषेत हे एकत्र येणं वर्णापुरतं न थांबता जवळजवळ पूर्ण शब्दभर पसरतं. ‘सफरचंद’ करताना हस्ताकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असतो आणि स्थानही एकच.

असं का, याचं कारण हात आणि डोळे यांच्या घडणीत आहे. हात जिभेपेक्षा मोठा आणि जड, म्हणून सावकाश. बेलुगी आणि सुझन फिशर यांनी 1972 साली दोन्ही भाषा लहानपणापासून येणाऱ्या, ऐकू येणाऱ्या लोकांकडून एकच गोष्ट दोन्ही भाषांत सांगून घेतली. एका सेकंदात बोललेले शब्द केलेल्या खुणांच्या साधारण दुप्पट निघाले, पण तेवढ्याच वेळात सांगून झालेली विधानं जवळपास सारखीच होती. हात कमी वेळा हलतो, पण एका हलण्यात जास्त भरतो. डोळ्याला ते एका दृष्टिक्षेपात टिपता येतं. कानाला इतक्या गोष्टी एकदम वेगळ्या काढणं जड जातं.

मात्र ‘सगळं एकाच वेळी’ हे शंभर टक्के खरं नाही. स्टोकींच्या मांडणीत आधी-नंतर याला फार जागा नव्हती. स्कॉट लिडेल आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी 1989 साली दाखवलं की खुणेच्या आत क्रमही असतो. ‘कर्णबधिर’ या खुणेत तर्जनी कानाजवळ टेकते आणि मग हनुवटीजवळ. आधीची खूण हनुवटीवर संपत असेल, उदाहरणार्थ ‘आई’, तर पुष्कळ जण ती उलटी करतात: आधी हनुवटी, मग कान. क्रमच नसता तर उलटायला काही उरलं नसतं. म्हणून नोंद करताना मी प्रत्येक खुणेची सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा अशा दोन रकान्यांत लिहिते, हस्ताकार एकाच रकान्यात, आणि तो मध्येच उघडला-मिटला तर तेवढं वेगळं टिपते.

आता क्लासिफायर, म्हणजे वस्तूचा वर्ग दाखवणारा हस्ताकार. एकच हस्ताकार धरून चालू: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट उघडं, बाकीची दोन मिटलेली. याला ‘तीनचा हात’ म्हणू, कारण अमेरिकन खूणभाषेत तीन हा आकडा असाच दाखवतात.

या हाताचा अंगठा नाकाला टेकवून हात खाली आणला की ‘भिकार’, ‘वाईट’. अंगठा कपाळावर टेकवला की ‘कोंबडा’. नाकावरच्या खुणेत तिन्ही बोटं कशासारखीच दिसत नाहीत. तिथे हा हस्ताकार ‘पान’मधल्या प इतकाच अर्थहीन आहे. कोंबड्याच्या खुणेत बोटं तुऱ्यासारखी दिसतात. इथेच नवे अभ्यासक फसतात आणि नोंदीत ‘क्लासिफायर’ लिहून टाकतात. खूण चित्रासारखी दिसणं आणि तिचा हस्ताकार रूपिम असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुरा एका बाजूला कलला, दोन कोंबड्यांचे तुरे एकमेकांना भिडले, असं काही या खुणेतला हात हलवून सांगता येत नाही. कोंबडा कुठेही असो, अंगठा कपाळावरच टेकतो.

आता तोच हात आडवा धरा: बोटांची टोकं पुढे, अंगठा वर. हा झाला वाहनाचा क्लासिफायर. मोटार, ट्रक, सायकल, होडी, सगळे यात येतात. विमान येत नाही, त्याला स्वतःचा वेगळा हस्ताकार आहे. इथे हाताचा प्रत्येक भाग बोलतो. बोटांची टोकं म्हणजे वाहनाचं तोंड. अंगठा वर म्हणजे वाहन चाकांवर उभं, तो खाली गेला म्हणजे उलटलं. हात जिथे ठेवला तिथे वाहन आहे, हात ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं ते गेलं.

एक प्रसंग पूर्ण उलगडून दाखवते: ‘गाडी उभी होती आणि एक माणूस तिला वळसा घालून गेला.’ खुणा करणारी उजव्या हाताची आहे असं धरू. ती आधी ‘गाडी’ ही कोशातली खूण करते. नाव आधी सांगावंच लागतं, कारण क्लासिफायर फक्त ‘वाहन’ एवढंच सांगतो, कोणतं ते नाही. मग डावा हात तीनचा करून छातीसमोर ठेवते आणि ठेवताना तो किंचित खाली दाबून थांबवते. तो हात तसाच धरून उजव्या हातानं ‘माणूस’ ही खूण करते. मग उजवी तर्जनी उभी धरते, हा उभ्या व्यक्तीचा क्लासिफायर, आणि ती डाव्या हाताभोवती अर्धवर्तुळात फिरवते. स्थिर वस्तू आधी मांडायची आणि हलणारी नंतर, हा क्रम नेहमीचा आहे.

यात तो छोटासा खाली दाब नीट बघा. नवशिके तो ‘गाडी खाली गेली’ असा वाचतात. सुपाला यांच्या 1982 च्या विश्लेषणानुसार इथे हालचालीचं मूळ तीन प्रकारचं असू शकतं: वस्तू आहे, ती इथे आहे, किंवा ती हलली. आखूड दाब देऊन थांबणं म्हणजे ‘इथे आहे’. लांब, न दाबलेली वाट म्हणजे ‘हलली’. व्हिडिओत ओळखायचं तर हात टेकल्यावर स्थिर राहतो का ते बघा. ‘इथे आहे’मध्ये एक स्पष्ट थांबा दिसतो आणि हाताचा प्रवास अगदी आखूड असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देता येतं. तीनचा हात स्वनिम की रूपिम? हस्ताकार म्हणून तो दोन्हीकडे एकाच यादीतला आहे, क्लासिफायरसाठी भाषेनं वेगळी बोटं घडवलेली नाहीत. ‘भिकार’मध्ये तो हस्ताकार निव्वळ बांधणीचा भाग आहे. वाहनाच्या रचनेत तोच हस्ताकार एक रूपिम व्यक्त करतो. मराठीतही ई हा एकटा स्वर ‘ईद’मध्ये नुसता स्वर असतो आणि ‘घोडी’मध्ये स्त्रीलिंगाचा प्रत्यय असतो, आणि त्यावरून आपण ई ची दोन स्वनिमं करत नाही. फरक इतकाच की खुणांच्या भाषेत हे काम फक्त एका घटकापुरतं राहत नाही. क्लासिफायरच्या रचनेत हस्ताकार, जागा, वाट आणि दिशा, सगळेच एकदम अर्थ घेऊन येतात, म्हणून एका हालचालीत मराठीचं अख्खं वाक्य बसतं.

ओळखायचं कसं, याची मला सगळ्यात भरवशाची वाटणारी कसोटी दोन हातांच्या नियमांत आहे. बॅटिसन यांनी 1978 साली दोन मर्यादा मांडल्या. दोन्ही हात हलत असतील तर दोघांचा हस्ताकार सारखा हवा आणि हालचालही सारखी, एकदम किंवा आळीपाळीनं. हस्ताकार वेगळे असतील तर एक हात स्थिर राहिला पाहिजे, आणि त्या स्थिर हातानं फक्त सात सोप्या हस्ताकारांपैकी एक घ्यावा: उघडा पंजा, बोटं जुळवलेला सपाट पंजा, अंगठ्याच्या जागेवरून वेगळ्या होणाऱ्या दोन मुठी, एकटी तर्जनी, गोल आणि अर्धगोल. कोशातल्या बहुतेक खुणा हे पाळतात.

आता आपला प्रसंग तपासा. डाव्या हातात तीनचा हात स्थिर आहे, आणि तो त्या सातांत नाही. नियम मोडला. प्रसंग थोडा बदला: गाडी डावीकडे वळली त्याच वेळी माणूस रस्ता ओलांडत होता. आता दोन वेगळे हस्ताकार, दोन्ही हलतायत, वेगवेगळ्या वाटांनी. पहिला नियमही मोडला. तरी दोन्ही रचना अमेरिकन खूणभाषेत निर्दोष आहेत. कारण इथे दोन हात मिळून एक शब्द बनत नाही. प्रत्येक हात स्वतंत्र अर्थ वाहतो आणि शब्दाच्या बांधणीचे नियम त्यांच्या जोडीवर चालत नाहीत.

याच कसोटीनं गोठलेल्या खुणाही सापडतात. ‘गाडी पार्क करणं’ या खुणेत तीनचा हात दुसऱ्या हाताच्या सपाट तळव्यावर टेकतो. मूळ उघडच वाहनाच्या क्लासिफायरमध्ये आहे. पण स्थिर हात सपाट पंजा आहे, सातांपैकीच, आणि एकच हात हलतो. खूण नियमांच्या चौकटीत येऊन बसली आहे. ‘भेटणं’ ही दुसरी. दोन उभ्या तर्जन्या समोरासमोर येऊन भिडतात, म्हणजे दोन माणसं जवळ आली. पण ‘मी एका समितीला भेटले’ म्हणतानाही दोन तर्जन्याच वापरतात. माणसं वाढली म्हणून बोटं वाढवत नाहीत. हस्ताकाराचा स्वतंत्र अर्थ पुसला गेला आणि ती कोशातली खूण झाली. म्हणून शंका आली की मी खुणा करणाऱ्यांना विचारते: दोन ऐवजी तिघं असतील तर हात बदलाल का? गाडीऐवजी घोडा असेल तर? हात बदलला तर रचना जिवंत आहे. बदलला नाही तर गोठलेली.

दुसरी एक चूक बऱ्याच प्रबंधांत दिसते. सगळ्या क्लासिफायरना एकाच खान्यात टाकतात. वस्तू दाखवणारा हात आणि वस्तू हाताळणारा हात यांचं व्याकरण वेगळं आहे. पुस्तक आपोआप पडलं तर सपाट पंजा हेच पुस्तक होतं आणि तो खाली येतो. कुणी पुस्तक उचलून फळीवर ठेवलं तर हात पुस्तक पकडल्यासारखा होतो, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या. दुसऱ्या रचनेत करणारा कुणीतरी असतोच, पहिलीत नसतो. एलेना बेनेडिक्टो आणि डायान ब्रेंटारी यांनी 2004 साली हस्ताकाराची ही निवड अकर्मक-सकर्मक भेदाशी जोडली. नोंदीत हे दोन प्रकार वेगळे नसतील तर वाक्यरचनेचं काहीच हाती लागत नाही.

एका मुद्द्यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहे आणि तुमच्या प्रबंधात तो यायला हवा. क्लासिफायरचा हस्ताकार ठरावीक यादीतला असतो, यावर साधारण एकमत आहे. जागेचं काय? सुपाला जागा आणि वाटाही सुट्या, मोजता येणाऱ्या रूपिमांत मोडत होते. लिडेल यांचं म्हणणं असं की माणूस गाडीपासून चार बोटांवर उभा की सहा, हा फरक कोणत्याही यादीत बसत नाही. ती जागा हातवाऱ्यासारखी सलग आहे आणि भाषा तिचा वापर करते. कॅरेन एमरी आणि मेलिसा हर्झिग यांच्या 2003 च्या प्रयोगांत खुणा करणारे जागेतले बारीक फरक सलगच वाचतात असं दिसलं. मला लिडेल यांची बाजू पटते. शब्दांत ‘कपाळ’ आणि ‘हनुवटी’ यांच्या मधली अर्धी जागा वेगळी खूण करत नाही, आणि क्लासिफायरमध्ये मात्र मधली प्रत्येक जागा काहीतरी सांगते. एवढा मोठा फरक एका यादीनं झाकता येत नाही.

भारतीय सांकेतिक भाषेवर काम करणार असाल तर अमेरिकन हस्ताकारांची यादी आणि ती सातांची यादी, दोन्ही जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडची इंग्रजी अक्षरं दोन हातांनी होतात, अमेरिकेत एका हातानं, आणि अक्षरांमधून शब्दांत शिरलेले हस्ताकार त्यामुळे वेगळे असणार. वाहनासाठी तीनचा हात असेल असंही गृहीत धरू नका, आपल्या भाषेतल्या माणसांना विचारूनच ठरवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ कोश हस्ताकार, स्थान आणि हालचाल यांच्या जोड्या शोधायला उपयोगी आहे. क्लासिफायरसाठी तो पुरणार नाही, कारण कोशात ठरलेल्या खुणा येतात आणि या रचना प्रत्येक प्रसंगात नव्यानं जुळतात. त्यासाठी एका कर्णबधिर व्यक्तीला शब्द नसलेली एखादी छोटी चित्रफीत दाखवा, ज्यात दोन वस्तू एकमेकींच्या संदर्भात हलतात, आणि ती न पाहिलेल्या दुसऱ्या कर्णबधिर व्यक्तीला सांगायला सांगा. तुम्हालाच सांगायला लावलं तर ती व्यक्ती तुमच्यासाठी खुणा सोप्या करते आणि नेमक्या याच रचना गळतात. नोंद करताना ईलॅन या व्हिडिओवर नोंदी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवा आणि डावा हात वेगळ्या ओळींवर ठेवा. शब्दांसाठी स्थानाच्या रकान्यात यादीतलं नाव लिहा. क्लासिफायरसाठी तिथे नाव लिहू नका, त्या क्षणाची चौकट जपून ठेवा आणि दुसऱ्या हातापासूनचं अंतर आणि दिशा टिपा. नाहीतर वर्षभरानं तुमच्याकडे ‘छातीसमोर’ असा एकच शब्द शेकडो वेळा लिहिलेला असेल आणि कोण कुणाच्या कुठे होतं हे त्यातून परत काढता येणार नाही.